स्वर तेच, आकार दोन : शोधनिबंधाच्या शीर्षकाची घडण

भाद्रपदात गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडून जात असली आणि आपण घरातच बसून असलो, तरी ढोल कोणता आणि ताशा कोणता हे सांगण्यासाठी खिडकीपर्यंत जावे लागत नाही. तबला आणि पखवाज यांतला भेदही भिंतीआडून कळतो. कान इतका जाणता आहे, तर त्याला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. समजा, ढोलाचे तोंड गोल नसून चौकोनी, त्रिकोणी किंवा अगदी वेडेवाकडे आहे आणि तो ढोल आपण डोळ्यांनी कधीच पाहिलेला नाही. अशा स्थितीत त्यातून निघणारे सगळे स्वर, अगदी सूक्ष्मातला सूक्ष्म उपस्वरही न सोडता, टिपून घेतले, तर नुसत्या त्या स्वरांवरून ढोलाच्या तोंडाचा आकार कागदावर काढता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर १९९२ साली कॅरोलिन गॉर्डन, डेव्हिड वेब आणि स्कॉट वोल्पर्ट या तीन अमेरिकन गणितज्ञांनी दिले. त्या उत्तरापेक्षाही मला अधिक बोधप्रद वाटते ती गोष्ट अशी, की त्यांनी ते एकाच वर्षी दोन निरनिराळ्या नियतकालिकांत दोन निरनिराळ्या शीर्षकांखाली प्रसिद्ध केले, आणि ती दोन शीर्षके शेजारी शेजारी ठेवली असता, रुक्ष शीर्षकाचे बोलके शीर्षक कसे होते व ते होताना काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचा जणू सारा हिशेबच आपल्यासमोर मांडला जातो.

एक निष्कर्ष, दोन नावे

‘इन्व्हेन्शिओनेस मॅथेमॅटिके’ या नियतकालिकात आलेल्या बावीस पानी निबंधाचे शीर्षक मराठीत आणले तर ते साधारण असे होईल : ‘रीमानी ऑर्बिफोल्डांच्या योगे समवर्णपटी प्रतलीय प्रदेश व पृष्ठे’. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘बुलेटिन’मध्ये त्याच निष्कर्षाची जी पाच पानी वार्ता छापून आली, तिचे शीर्षक मात्र होते : ‘ढोलाचा आकार ऐकता येत नाही’.

पहिल्या शीर्षकाला नावे ठेवण्याची घाई करू नये, कारण त्याचे काम वेगळे आहे. आपल्याकडे शेताला जशी दोन नावे असतात, एक सातबाऱ्यावरचे, ज्यात गट क्रमांक आणि क्षेत्र नोंदलेले असते, आणि दुसरे गावकऱ्यांच्या तोंडचे, ‘पिंपळाखालचे शेत’ किंवा ‘ओढ्याकाठची पट्टी’ असे, तसाच हा प्रकार आहे. तलाठ्याच्या दप्तरात ‘पिंपळाखालचे शेत’ शोधून सापडणार नाही, आणि गावात नव्याने आलेल्या माणसाला गट क्रमांक सांगून शेताची वाट कळणार नाही. ‘समवर्णपटी’ आणि ‘ऑर्बिफोल्ड’ हे शब्द या विषयात काम करणाऱ्या माणसासाठी गट क्रमांकासारखे आहेत. अनुक्रमणिका चाळताना त्याची नजर नेमकी त्यांवरच ठरते. पण त्या शीर्षकात एक उणीव आहे व ती कठीण शब्दांची नव्हे. त्यात क्रियापद नाही. ‘अमुकांच्या योगे तमुक’ एवढेच ते सांगते. तमुकाचे झाले काय, ते सापडले की नाकारले गेले, मोजले गेले की निव्वळ वर्णिले गेले, याचा खुलासा होत नाही. दुसऱ्या शीर्षकात ‘येत नाही’ हे दोन शब्द येताच निष्कर्ष हाती पडतो.

‘काही विशिष्ट’ म्हणजे कोणते?

क्रियापद नसलेल्या शीर्षकात काय दडून राहते, याचा याच विषयातला आणखी ठळक दाखला जॉन मिलनर या थोर गणितज्ञाच्या १९६४ सालच्या एका पानाच्या टिपणात आहे. त्याचे शीर्षक, ‘काही विशिष्ट अवकाशांवरील लाप्लास-कारकाची आयगेन-मूल्ये’. यातली परिभाषा उलगडून पाहू. एखादी वस्तू ज्या शुद्ध स्वरांत कंप पावू शकते त्या स्वरांच्या कंपसंख्यांचे वर्ग घेतले, की योग्य मापात ती वस्तूची ‘आयगेन-मूल्ये’ होतात. ती ज्या गणिती यंत्रातून निघतात त्याला लाप्लास-कारक म्हणतात. आणि त्या मूल्यांची चढत्या क्रमाने केलेली यादी म्हणजे ‘वर्णपट’. म्हणजे शीर्षकाचा साधा अर्थ, ‘काही विशिष्ट वस्तूंचे स्वर’, एवढाच.

आता टिपणात काय आहे ते पाहा. मिलनरने सोळा परिमाणांची दोन बंदिस्त अवकाशे दाखविली, की जी एकमेकांहून भिन्न आहेत आणि तरीही ज्यांच्या स्वरांची यादी पहिल्यापासून अनंतापर्यंत एकच आहे. अवकाश बंदिस्त म्हणजे कसे, तर ज्यात उजवीकडून बाहेर पडले की डावीकडून पुन्हा आत यावे, तसे. फक्त अशा दिशा दोन नसून सोळा आहेत. ढोलाच्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर, सोळा परिमाणांपुरते का होईना, त्या एका पानात आधीच येऊन बसले होते. आणि शीर्षकात त्यातले काय आले? सोळा हा आकडा आला नाही, ‘दोन’ आले नाही, ‘भिन्न’ आले नाही, ‘एकच’ आले नाही. हे चारही शब्द ‘काही विशिष्ट’ या दोन शब्दांच्या पोटात गडप झाले. माझ्या मते रुक्ष शीर्षक हाती घेताना पहिली चौकशी या ‘विशिष्ट’ची करावी, आणि त्याबरोबरच ‘अभ्यास’, ‘परिणाम’, ‘भूमिका’, ‘पैलू’ या शब्दांचीही; कारण असा शब्द जेथे असतो, तेथे बहुधा एखादा ठोस आकडा किंवा ठोस नाम बाजूला सारलेले असते, आणि ते परत आणून बसविले तर शीर्षक एकाच वेळी अधिक काटेकोर आणि अधिक बोलावणारे होते. काटेकोरपणा आणि आकर्षण यांचे वैर आहे, ही समजूत येथेच ढासळते.

शब्दास शब्द

ढोल या चर्चेत आणला तो मार्क कात्स यांनी. एप्रिल १९६६ च्या ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मन्थली’त त्यांचा निबंध आला, त्याचे शीर्षक होते, ‘ढोलाचा आकार ऐकता येतो का?’ या मांडणीचे श्रेय त्यांनी निबंधातच आपले सहव्यवसायी लिपमन बेर्स यांना दिले आहे. हाच प्रश्न परिभाषेत लिहिला असता, तर तो असा झाला असता : ‘स्थिर सीमेच्या अटीखालील लाप्लास-कारकाच्या वर्णपटावरून प्रतलीय प्रदेश एकमेव ठरतो काय?’

ही दोन वाक्ये जमाखर्चाच्या वहीतल्या दोन बाजूंसारखी समोरासमोर ठेवून पाहावीत. ‘स्थिर सीमेची अट’ म्हणजे कडेला ताणून पक्के बसविलेले कातडे, जे मध्ये हलते पण काठावर हलू शकत नाही. ‘प्रतलीय प्रदेश’ म्हणजे त्या कातड्याने व्यापलेली सपाट जागा. या दोहोंना मिळून एकच शब्द, ढोल. ‘लाप्लास-कारकाचा वर्णपट’ म्हणजे त्यातून निघणारे स्वर, आणि ‘वर्णपटावरून ठरणे’ म्हणजे ऐकणे. ‘एकमेव’ याचा येथे अर्थ एवढाच, की ढोल उचलून दुसरीकडे ठेवला, फिरविला किंवा आरशात पाहिला, तर तो दुसरा समजायचा नाही. आणि ज्यात हे बदल मोजले जात नाहीत त्या गोष्टीला आपण रोजच्या बोलण्यात आकार असेच म्हणतो. एकही पद शिल्लक राहत नाही आणि एकही जादा येत नाही.

हे घडू शकते, कारण येथे ढोल हे रूपक नाही. ताणलेल्या कातड्याचे कंपन ज्या समीकरणाने चालते, तेच समीकरण निबंधात सोडविलेले आहे. पुष्कळ लोकप्रिय शीर्षके याच ठिकाणी फसतात. पेशीतल्या एखाद्या प्रथिनाला ‘पहारेकरी’ म्हटले, की शीर्षक चटकदार होते खरे. पण पहारेकरी कोणाला ओळखतो, अडवितो, झोपीही जातो, आणि यांपैकी प्रथिन नक्की काय करते हे वाचकाला कळत नाही. शेतात पिंपळ नसताना त्याला ‘पिंपळाखालचे शेत’ म्हणण्यासारखेच ते. घरगुती शब्द घ्यावा, पण तो त्याच वस्तूचे बोलीतले नाव असावा.

कात्स यांचे शीर्षक प्रश्नार्थक आहे, याबद्दलही एक खुलासा केला पाहिजे. त्यांना उत्तर ठाऊक नव्हते, आणि ते मिळायला पुढे सव्वीस वर्षे जावी लागली. म्हणून तो प्रश्न प्रामाणिक ठरतो. ज्या निबंधात उत्तर मिळालेले आहे त्याच्या मस्तकावर प्रश्नचिन्ह ठेवणे म्हणजे पत्र हातात असून पाकीटच वाचून दाखविण्यासारखे आहे. १९९२ च्या लेखकांनी प्रश्नचिन्ह काढले, नकार घातला आणि बाकीचे शब्द जसेच्या तसे राहू दिले, हे औचित्य मला फार मोलाचे वाटते.

मसुद्यामागून मसुदा

आता आपणच त्या बावीस पानी निबंधाला मराठी वाचकासाठी नाव देऊन पाहू. त्यासाठी आधी निष्कर्ष हातात घेतला पाहिजे. चार सारखे चौरस कापून प्रत्येक कर्णावर दुभागले, की आठ सारखे त्रिकोण मिळतात. त्यांतला एक बाजूला ठेवावा. उरलेले सात त्रिकोण कडेला कड लावून एका प्रकारे जोडले असता आठ बाजूंची एक वेडीवाकडी आकृती होते, आणि दुसऱ्या प्रकारे जोडले असता आठ बाजूंचीच, पण निराळी आकृती. या दोन आकृतींवर कातडे ताणले, तर त्यांच्या स्वरांची यादी संपूर्ण एक येते. याची एक सुगम सिद्धता तर केवळ कातरकामाची आहे. पहिल्या ढोलावरची कंपनाची कोणतीही एक तऱ्हा घ्यावी, तिचे त्रिकोणागणिक सात तुकडे करावेत, आणि दुसऱ्या ढोलाच्या प्रत्येक त्रिकोणावर त्यांतले तीन तीन तुकडे योग्य त्या अधिक-उणे चिन्हांनी एकमेकांवर रचावेत. शिवणी बिनचूक जुळतात, काठावर कंपन शून्य होते, आणि त्याच स्वराची एक तऱ्हा दुसऱ्या ढोलावर तयार होते.

पहिला मसुदा सहज सुचतो : ‘ढोलाच्या नादाचे रहस्य’. हे नाव ढोलावरच्या आणखी पन्नास लेखांना देता येईल, आणि जे नाव दुसऱ्या निबंधालाही शोभते ते या निबंधाचे नव्हे. येथे विषय आहे, निष्कर्ष नाही.

दुसरा मसुदा निष्कर्षाकडे झेप घेतो : ‘नादावरून ढोलाविषयी काही कळत नाही’. हे तर सरळ चूक आहे. ठरावीक मर्यादेच्या खाली ढोलाचे किती स्वर पडतात ते मोजत गेले आणि ती मर्यादा वाढवीत नेली, तर ती संख्या ढोलाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, हे हेर्मान वाइल यांनी १९११ मध्येच सिद्ध केले. पुढे परिमितीही स्वरांवरून काढता येते हे दिसून आले. म्हणजे क्षेत्रफळ ऐकू येते, काठाची लांबी ऐकू येते. आपल्या सात त्रिकोणांच्या दोन आकृतींत ती दोन्ही मापे अर्थातच सारखी आहेत.

तिसरा मसुदा म्हणजे ‘बुलेटिन’मधलेच नाव : ‘ढोलाचा आकार ऐकता येत नाही’. यावर हरकत घेतो तो आपला नेहमीचा, साधा, गोल ढोल.

गोल ढोलाची हरकत

ठरावीक लांबीची दोरी घेऊन तिने जास्तीत जास्त जागा वेढायची असेल, तर दोरी वर्तुळाकार मांडावी लागते. दुसरा कोणताही आकार त्या लांबीत तेवढे क्षेत्रफळ देऊ शकत नाही. आता क्षेत्रफळ आणि परिमिती ही दोन्ही स्वरांवरून कळतात, असे आपण नुकतेच पाहिले. मग एखाद्या न पाहिलेल्या ढोलाची ऐकून काढलेली ही दोन मापे वर्तुळाच्या मापांशी तंतोतंत जुळली, तर तो ढोल गोल असण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे गोल ढोलाचा आकार ऐकता येतो! ज्या वाद्यांसाठी आपण सामान्यतः ‘ढोल’ हा शब्द वापरतो, नेमक्या त्यांच्याच बाबतीत हे सुप्रसिद्ध शीर्षक, अक्षरशः घेतले तर, खोटे ठरते.

मग त्या तिघांनी चूक केली काय? मुळीच नाही. कात्स यांचा प्रश्न प्रत्येक ढोलाविषयी होता, आणि ‘प्रत्येक ढोलाचा आकार ऐकता येतो का’ याला ‘नाही’ हे उत्तर द्यायला दोन ढोलांची एक जोडी पुरते. ‘बुलेटिन’चा वाचक तो प्रश्न पाठ असलेला होता, त्याच्यासाठी ‘येत नाही’ म्हणजे ‘नेहमीच येतो असे नाही’. शीर्षक मागच्या शीर्षकाच्या खांद्यावर उभे आहे. पण ज्या वाचकाला मागचा प्रश्न ठाऊक नाही त्याच्या हाती तेच शब्द दिले, की ‘कोणत्याच ढोलाचा येत नाही’ असा अर्थ तो घेईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. शीर्षकाचा अचूकपणा तपासताना ते कोण वाचणार हे आधी ठरवावे लागते, ते यासाठी.

म्हणून चौथा मसुदा : ‘दोन निराळ्या आकारांच्या ढोलांचा नाद तंतोतंत एक असू शकतो’. ‘दोन’ आले, ‘निराळ्या’ आले, ‘असू शकतो’ने मर्यादा सांभाळली. पण हा मसुदा एखाद्या तबलियाला वाचून दाखविला तर तो ‘नाद’ या शब्दापाशी थांबेल. एकाच तबल्यावर काठाशी ‘ना’ वाजविला आणि मध्ये ‘तिं’ वाजविला, तर नाद बदलतो, कारण आघात कोठे पडला त्यावर कोणता उपस्वर किती जोरात निघेल हे ठरते. गॉर्डन, वेब आणि वोल्पर्ट यांच्या ढोलांत जे एक आहे ती निघू शकणाऱ्या स्वरांची यादी. त्यांतला कोणता स्वर किती जोराचा, हे एक नाही. नाद म्हणजे ते मिश्रण, आणि स्वर म्हणजे त्यातले एकेक द्रव्य. शब्द बदललाच पाहिजे.

> चौकटीत : नावाचा प्रवास
> मूळ : रीमानी ऑर्बिफोल्डांच्या योगे समवर्णपटी प्रतलीय प्रदेश व पृष्ठे
> अखेरचा मसुदा : आकार निराळे, तरी सर्व स्वर तेच : सपाट ढोलांची एक जोडी
> आत आले : निष्कर्ष, ‘दोन’ ही संख्या, ढोल
> बाहेर राहिले : रचनेची रीत (ऑर्बिफोल्ड) आणि वक्र पृष्ठे

‘सपाट’ हा शब्द येथे शोभेसाठी नाही. मिलनरच्या सोळा परिमाणांपासून हा शोध वेगळा काढणारा शब्द तोच आहे. ‘सर्व’ हाही तसाच, कारण पहिले दहा-वीस स्वर जुळणे ही तुलनेने किरकोळ गोष्ट झाली असती. जे बाहेर राहिले त्याची मात्र रीतसर नोंद ठेवली पाहिजे. मूळ निबंध वक्र पृष्ठांविषयीही आहे, आणि तज्ज्ञाच्या दृष्टीने रचनेची रीत हीच कदाचित मोठी बातमी असेल. म्हणून ‘समवर्णपटी’ आणि ‘ऑर्बिफोल्ड’ हे शब्द सारांशाच्या पहिल्या ओळीत व सूचिशब्दांत आलेच पाहिजेत, नाहीतर शेताला गावातले नाव मिळेल आणि दप्तरातली नोंद हरवेल.

अवतरणचिन्हांचा प्रामाणिकपणा

दोन वर्षांनी, १९९४ साली, एस. श्रीधर आणि ए. कुद्रोली यांनी या आकृती धातूच्या पातळ पोकळ्यांच्या रूपात तयार करून त्यांत सूक्ष्मतरंग सोडले; पोकळी पुरेशी चपटी असली, की त्या तरंगांचे समीकरण ढोलाच्या कातड्याचेच होते, आणि दोन्ही पोकळ्यांचे अनुनाद प्रयोगाच्या अचूकतेच्या मर्यादेत जुळले. त्यांच्या शीर्षकाचा आशय असा : ‘ढोलांचा “आकार न ऐकण्याचे” प्रयोग’. त्यांनीही ढोल ठेवला. पण प्रयोगशाळेत कोणी काही ऐकले नव्हते, तरंग कानाचे नव्हतेच, म्हणून ऐकण्याभोवती अवतरणचिन्हे घातली. दोन लहानशा खुणांनी वाचकाला कळते, की शब्द उसना आहे आणि लेखकाला ते ठाऊक आहे.

रामन यांचे शीर्षक कोणासाठी?

ढोलांच्या या सगळ्या कथेच्या पुष्कळ आधी, १९२० मध्ये, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले, त्याचे शीर्षक मराठीत ‘सुसंवादी उपस्वरांची चर्मवाद्ये’ असे होईल. सामान्य वाचकाला ते रुक्ष वाटेल. पण तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा साध्या पटींत असतात, तर एकसारख्या जाडीच्या गोल कातड्याचे १.५९, २.१४, २.३० अशा आडवळणी पटींत, आणि म्हणून ढोलाला पक्का सूर नसतो, हे ज्याला माहीत आहे, त्याच्या दृष्टीने ‘सुसंवादी’ आणि ‘चर्मवाद्ये’ हे दोन शब्द एका ओळीत येणे हाच विस्मय आहे. त्या शीर्षकाला त्या वाचकासाठी हात लावण्याचे कारण नाही.

मैफलीतल्या श्रोत्यासाठी मात्र ते बदलावे लागेल, कारण तबला सुरात बोलतो यात त्याला नवल वाटत नाही. त्याने दुसरे काही ऐकलेलेच नाही. त्याच्यासाठी नवलाची जागा पुडीच्या मध्यावरचे ते काळे वर्तुळ आहे, जे मध्ये वजन वाढवून आडवळणी पटी साध्या पटींच्या जवळ आणते. ‘शाईच्या वजनाने तबला सुरात येतो’, असा मसुदा मी त्याच्यासाठी करीन. त्यातला ‘वजन’ हा शब्द मी आधी गाळला होता, आणि मग वाचताना ध्यानात आले, की त्यावाचून वाचक शाईच्या रंगाचा किंवा चिकटपणाचा विचार करीत बसेल. म्हणून तो परत घातला.